निरोपाच्या भाषणात एकच आठवण: कोणती घ्यायची आणि काय गाळायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मे महिना सरत आला की कोल्हापुरात शाळा, ऑफिसं, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखाने, सगळीकडे निरोपाचे कार्यक्रम सुरू होतात. त्याबरोबर तेच ते प्रश्नही येतात. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा परवा किंवा उद्याच बोलायचं असतं. म्हणून इथली उत्तरं तीन-चार मिनिटांच्या भाषणाला धरून दिली आहेत. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला तिथं पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पस्तीस वर्षांची नोकरी एका आठवणीत कशी बसवायची? बाकीचं सांगायचंच नाही का?

बसवायची नसतेच. आपल्याकडच्या निरोप समारंभाचा क्रम डोळ्यासमोर आणा. प्रास्ताविकात नोकरीला लागल्याची तारीख येते. परिचय करून देणारा तीच तारीख पुन्हा सांगतो. मानपत्रात बदल्या, बढत्या, पुरस्कार हे सगळं क्रमानं येतं. तुमची पाळी येते तेव्हा सभागृहाला त्या माणसाचा सेवाकाळ पाठ झालेला असतो. तुम्ही तो चौथ्यांदा सांगितला तर लोक जेवणाच्या वासाकडे लक्ष देतात.

दुसरं कारण निव्वळ वेळेचं आहे. माईकवर सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस शब्द होतात. तीन मिनिटांत साडेतीनशेच्या आसपास. एक प्रसंग जागा, वेळ आणि त्यात बोललं गेलेलं वाक्य यांसकट सांगायला दीडशे शब्द लागतात. सुरुवात आणि शेवट धरला की वेळ संपली. त्यात तीन आठवणी कोंबल्या तर एकही प्रसंग उभा राहत नाही, तिन्हींची नुसती यादी होते: "आम्ही सहलीला गेलो, खूप मजा आली, सरांनी तेव्हा खूप सांभाळून घेतलं."

२. 'छोटी आठवण' म्हणजे नेमकी किती छोटी?

अर्ध्या तासात घडून गेलेली, एका जागी घडलेली, आणि जिच्यात हातात धरता येईल अशी एक तरी वस्तू आहे, इतकी. जागा सांगताना 'ऑफिसमध्ये' एवढ्यावर भागत असेल तर ती अजून मोठी आहे. 'आवक-जावकच्या टेबलापाशी' असं म्हणता आलं पाहिजे.

लोकांची गल्लत इथं होते की ते मत सांगतात आणि त्याला आठवण समजतात. "बाई फार शिस्तीच्या" हे मत झालं. "बाई उशिरा येणाऱ्याला दारातच थांबवून आदल्या दिवशीची कविता म्हणायला लावायच्या" ही सवय झाली. "पावसानं केएमटी बस अडकली, वर्गातली सोळा मुलं एकदम उशिरा आली आणि बाईंनी सगळ्यांना दारात उभं करून एका सुरात कविता म्हणायला लावली" ही आठवण. सवय पार्श्वभूमी म्हणून एका वाक्यात जरूर सांगावी, तिच्यामुळे आठवणीला अर्थ येतो. पण उभं राहायचं त्या एका दिवसावर.

३. डोकं रिकामं झालंय, काहीच आठवत नाही. सुरुवात कुठून करू?

गुणांपासून सुरुवात केली की असंच होतं. 'मनमिळाऊ' लिहून झालं की पेन थांबतं, कारण त्या शब्दाला कुठलंच चित्र जोडलेलं नसतं. त्यापेक्षा जागांपासून निघा. कोऱ्या कागदावर त्या माणसाबरोबर जिथं जिथं उभे राहिलात किंवा बसलात त्या जागा लिहा: गेट, जिना, कँटीनचं कोपऱ्यातलं टेबल, त्यांच्या गाडीची मागची सीट, झेरॉक्सचं मशीन, जोतिबाच्या यात्रेच्या बंदोबस्ताची चौकी, जे असेल ते. प्रत्येक जागेपुढं तिथं घडलेली एकच गोष्ट एका ओळीत. वीस मिनिटांत आठ-दहा ओळी होतात. त्यातल्या निम्म्या रद्दी असतात आणि त्या तशाच असू द्याव्यात.

तरी अडलंच तर ऑफिसातल्या सर्वांत जुन्या शिपायाला किंवा चहावाल्याला विचारा. साहेबांनी कुठला प्रकल्प पूर्ण केला हे त्यांना सांगता येणार नाही, पण साहेब वैतागले की काय करायचे हे बरोबर सांगतील. मात्र त्यांची आठवण जशीच्या तशी उचलू नका. ती तुमच्या समोर घडलेली नाही, आणि ऐकीव प्रसंग सांगताना आवाज बदलतो. त्यांच्या गोष्टीवरून आपली स्वतःची कुठली आठवते ते बघायचं.

४. दहा ओळी झाल्या. त्यातली एक कशी निवडायची?

चार प्रश्न विचारायचे आणि नापास होईल ती ओळ खोडायची.

पहिला: प्रसंग घडला तेव्हा आपण दोघंही तिथं होतो का? दुसरा: त्यात जाणाऱ्या माणसानं स्वतः काही केलं का, की तो नुसता हजर होता? सहलीच्या आठवणी बहुतेक इथंच गळतात, कारण सहलीत सगळेच नुसते हजर असतात. तिसरा: सभागृहातल्या परक्या माणसाला दोन वाक्यांत संदर्भ समजेल का? पाच वाक्यांची प्रस्तावना लागणारा विनोद कितीही भारी असला तरी तो तुमच्या चौघांतच ठेवावा. चौथा प्रश्न पहिल्या रांगेचा. तिथं त्यांची बायको किंवा नवरा, सून, नातवंडं आणि बहुधा त्यांचे साहेब बसलेले असतात. त्या रांगेतल्या एकालाही मान खाली घालावी लागेल का?

चारही पार करून दोन-तीन उरल्या तर ज्या आठवणीत त्यांचं एखादं वाक्य, त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं आठवतंय ती घ्या. वाक्य आठवतं म्हणजे प्रसंग खरोखर मनात राहिलाय.

५. एखादा नमुना दाखवाल का? निवडण्यापासून शेवटच्या मजकुरापर्यंत.

नमुन्यासाठी रचलेला प्रसंग घेऊ. शिरोलीतल्या एका फौंड्रीच्या मशीन शॉपमधले स्टोअरकीपर निवृत्त होतायत. सगळे त्यांना मामा म्हणतात. बोलणारा ऑपरेटर तिथंच शिकाऊ म्हणून लागला होता. त्याच्या कागदावर सहा ओळी आल्या: गणपतीपुळ्याची सहल, खंडेनवमीला मामांनी केलेली मशीनची पूजा, २०१९ चा महापूर, मामांचं परचेसवाल्यांशी झालेलं भांडण, मामांचं ऑपरेशन, आणि मोडलेले ड्रिल.

सहल दुसऱ्या प्रश्नावर गेली. खंडेनवमीची पूजा दरवर्षीचीच, म्हणजे सवय. महापुराचं वेगळं सांगायला लागेल (प्रश्न ६). भांडण ऐकायला सगळ्यांना आवडलं असतं, पण परचेसचे साहेब पहिल्या रांगेत. ऑपरेशनच्या वेळी ऑपरेटर दवाखान्यात गेला होता खरा, पण माणसाचं आजारपण माईकवरून सांगायचं नसतं. उरले ड्रिल.

संदर्भ दोन वाक्यांचाच आहे. स्टोअरच्या खिडकीवर नवा ड्रिल मिळवायचा तर मोडलेल्याचा तुकडा द्यावा लागतो. आणि कास्ट आयर्नमध्ये खोल भोक पाडताना ड्रिल मधूनमधून वर घेऊन चूर काढला नाही, तर चूर ड्रिलच्या खाचांत घट्ट बसतो, ड्रिल अडकतो आणि मोडतो. यातलं दुसरं वाक्य भाषणात सांगायचीही गरज पडली नाही, प्रसंगातूनच कळतं. अखेरचा मजकूर असा झाला:

"मामांच्या खिडकीवर गेलं की नव्या ड्रिलच्या आधी एकच वाक्य मिळायचं, 'तुकडा दाव.' तुकडा दिल्याशिवाय नवा नाही. मी शिकाऊ होतो. सेकंड शिफ्ट होती. आठचा ड्रिल मोडला, तुकडा दिला, नवा घेतला. तासाभरात तोही मोडला, पुढचाही. तिसरा तुकडा घेऊन खिडकीवर गेलो तेव्हा वाटलं, आता आपलं नाव सुपरवायझरकडं जातंय. मामांनी तुकडा ट्यूबलाइटखाली धरला. खाचेत नखानं खरवडलं, काळा चूर निघाला. बोलले काही नाहीत. स्टोअरला कुलूप घातलं आणि माझ्याबरोबर मशीनवर आले. 'घाल खाली.' घातला. 'आता वर घे. चूर झाड. परत खाली.' पाच भोकं होईपर्यंत उभे राहिले, सहाव्याला निघून गेले. त्या रात्री मी चौथा तुकडा घेऊन गेलो नाही. मामा, त्या दिवशी रजिस्टरला माझ्या नावापुढं तीन तुकडे लिहिलेत का नाही, ते मी अजून बघितलेलं नाही."

शंभरापेक्षा थोडे जास्त शब्द आहेत. मधल्या थांब्यांसकट सव्वा ते दीड मिनिट.

पहिल्या मसुद्यात यापेक्षा दुप्पट होतं. त्यातून काय गेलं ते बघा. सुपरवायझरचं नाव गेलं, कारण तो सभागृहात होता आणि नाव घेतलं असतं तर सगळ्यांनी मागं वळून त्याच्याकडं बघितलं असतं. मशीनची कंपनी आणि मॉडेल गेलं. "मामा मला वडिलांसारखे" हे गेलं, कारण मामांची मुलं समोर होती, आणि कुलूप लावून मशीनवर येणं हे त्या वाक्यापेक्षा जास्त सांगतं. आणि शेवटचं "मामांनी मला ड्रिल नव्हे, जगायला शिकवलं" हे वाक्य सर्वांत मोठ्या वादानंतर गेलं. बोलणाऱ्याला तेच सर्वांत आवडलं होतं. पण ते ठेवलं असतं तर प्रसंगाचा अर्थ लोकांनी काय लावायचा ते त्यानंच ठरवून टाकलं असतं, आणि रजिस्टरच्या वाक्यावर मामांना हसायलाही जागा उरली नसती. नखानं खरवडणं मात्र ठेवलं. ते फक्त तिथं उभ्या असलेल्या माणसालाच दिसलेलं असतं.

६. आम्ही दोघं महापुरात एकत्र अडकलो होतो. यापेक्षा मोठी आठवण कुठली?

मोठी आहे हीच अडचण. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापुरात प्रत्येकाचा स्वतःचा आहे. तुम्ही 'महापूर' म्हणालात की समोरच्या दोनशे लोकांच्या डोक्यात त्यांचं त्यांचं घर, त्यांची जनावरं, बंद पडलेला हायवे सुरू होतो आणि तुमचे साहेब त्यात हरवतात. राजाराम बंधाऱ्याची पातळी, ३९ फुटांचा इशारा, ४३ फुटांचा धोका, हे आकडे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहेत. ते सांगण्यात घालवलेलं प्रत्येक वाक्य वाया जातं.

तरीही तीच आठवण मनात असेल तर पुराच्या पोटातली एक वस्तू उचला. पाणी चढत असताना साहेबांनी सर्वांत आधी कुठलं कपाट वरच्या मजल्यावर न्यायला लावलं? सर्व्हिस बुकांचं, की कॅशचं? सर्व्हिस बुकांचं असेल तर भाषण तिथंच सापडलं. 'पूर' हा शब्द एकदाच येऊ द्या आणि लगेच कपाटाकडं वळा. ज्यांचं मोठं नुकसान झालं असे लोक समोर असणार, म्हणून पुरातली गंमतजंमत हा सूर टाळलेला बरा.

७. गाळायचं ते नक्की काय काय?

सेवेचा तपशील आणि गुणांची यादी आधीच गेली (प्रश्न १ आणि ३). पगार, कर्ज, आजारपण, घरातले प्रश्न, दारू, जात आणि राजकारण हे पहिल्या रांगेच्या प्रश्नावर गळतं, त्यावर चर्चा नको.

जड जातं ते पुढचं. एक म्हणजे व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं. प्रत्येक वक्ता पुन्हा सगळी नावं घेतो आणि एक चुकलं की नाराजी ओढवतो. सूत्रसंचालकानं नावं घेतलेली असतात. "व्यासपीठ आणि समोर बसलेले सगळे" एवढं पुरतं. दुसरं, इंटरनेटवरून उतरवलेली चारोळी. ती त्याच हंगामात दहा कार्यक्रमांत वाजलेली असते. तिसरं, संस्थेबद्दलची तक्रार. "आता यांच्यासारखी माणसं राहिली नाहीत" म्हणताना तुम्ही समोर बसलेल्या तरुण सहकाऱ्यांना नालायक म्हणत असता, हे बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

आणि सर्वांत चिवट म्हणजे आपण स्वतः. मसुदा झाला की 'मी', 'मला', 'माझं' यांच्याखाली पेन्सिलनं रेघ मारा. वरच्या नमुन्यातही ते आहेत, कारण प्रसंग दोघांचा आहे. पण प्रत्येक महत्त्वाची हालचाल मामांची आहे: तुकडा धरला, खरवडलं, कुलूप घातलं, उभे राहिले. तुमच्या मजकुरात महत्त्वाची क्रियापदं तुमच्या वाट्याला आली असतील तर आठवण बदलावी लागेल, शब्द बदलून भागणार नाही.

८. आमच्यात चेष्टामस्करी चालते. गोडगोड बोललो तर त्यांनाच खोटं वाटेल. किती उडवायची?

चेष्टेशिवाय निरोप म्हणजे कोल्हापुरात कुणी तरी रुसलंय असा अर्थ होतो, तेव्हा जरूर उडवा. दोन पथ्यं पाळा. ज्या खोडीवर ते स्वतः चारचौघांत हसतात तिच्यावरच बोट ठेवा. विसराळूपणावर हसत असतील तर विसराळूपणा चालेल, टक्कल, वजन, बोलण्यातला अडखळेपणा नाही. आणि चेष्टा सुरुवातीला, प्रसंग नंतर. उलट केलंत तर शेवटचा हशा प्रसंगावर बसतो आणि खुर्चीतल्या माणसाला कळत नाही की आपला सत्कार झाला की फजिती.

ज्याला त्याला 'भावा' म्हणणारी आपली बोली वाक्यात आली तर उत्तमच. पण मंचावर त्यांना नेहमी ज्या नावानं हाक मारता त्याच नावानं मारा. रोज 'अण्णा' म्हणणाऱ्यानं माईकवर 'आदरणीय साहेब' म्हटलं की दोघंही अवघडतात.

९. माझ्या आधीच्या वक्त्यानं माझीच आठवण सांगून टाकली. आता?

पुन्हा सांगू नका, आणि "माझा मुद्दा चोरला" असंही म्हणू नका. त्याच प्रसंगातला त्यानं न पाहिलेला कोपरा सांगा: "ते कुलूप लावून गेले तेव्हा खिडकीवर मी रांगेत होतो." तोही नसेल तर प्रश्न ४ मधली दुसऱ्या क्रमांकाची ओळ काढा. यासाठीच ती चिठ्ठी फेकायची नसते. चार-पाच जण बोलणार असतील तर आदल्या दिवशी एकमेकांना फक्त आपापली जागा सांगा: "मी स्टोअरची खिडकी, तू कँटीन." मजकूर सांगायची गरज नाही.

१०. ३१ मे ला आमच्याकडं एकदम सहा जण निवृत्त होतायत. सहा आठवणी सांगू का?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि कारणही सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एका पिढीच्या कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून लावून टाकली. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असला की निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस येते, म्हणून ही सगळी मंडळी ३१ मे ला एकदम बाहेर पडतात.

सहा जणांवर एकानं बोलायचं असेल तर प्रत्येकाला एक वाक्य आणि त्या वाक्यात एक वस्तू: कुणाची डब्यातली शेंगदाण्याची चटणी, कुणाचा लाल पेन, कुणाची गेटवर ठेवलेली छत्री. सहाही वाक्यं साधारण सारख्या लांबीची ठेवा. घरचे लोक लांबी मोजतात, हे लक्षात असू द्या. एकासाठी मिनिटभर आणि दुसऱ्यासाठी दहा सेकंद झाली तर ती गोष्ट पुढं कितीतरी दिवस निघते. शक्य असेल तर सहा वक्ते ठरवा, प्रत्येकी दीड मिनिट. तेव्हा प्रत्येकाला एक पूर्ण आठवण घेता येते.

११. त्या साहेबांशी माझं कधीच जुळलं नाही, पण बोलायला मलाच सांगितलंय.

खोटी जवळीक दाखवू नका, ऑफिसला सगळं माहीत असतं. त्यांनी केलेलं एखादं काम तरी तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल ज्याला तुम्हालाही नाव ठेवता येत नाही. फाईल तपासताना बेरीज पुन्हा स्वतः करायचे, गोरगरीब अर्जदाराला उभं ठेवायचे नाहीत, काही तरी असतंच. तेवढंच, विशेषणाशिवाय, मिनिटभरात. मतभेदाचा उल्लेख करायचाच तर "आमचं सगळ्यात पटलं असं नाही" एवढ्या अर्ध्या वाक्यापुढं जाऊ नका. ते अर्धं वाक्यही त्यांना हसू येईल याची खात्री असेल तरच.

१२. निवृत्ती नाही, कंपनी बंद पडल्यामुळे माणूस जातोय. तिथं आठवण सांगणं बरं दिसतं का?

दिसतं, पण दोन गोष्टी बदलतात. 'पुढच्या आयुष्याच्या शुभेच्छा', 'आता आराम करा' ही ठरलेली वाक्यं पूर्ण गाळा. त्याला आराम नको, काम हवंय. आणि आठवण अशी घ्या जिच्यात त्याचं कसब दिसतं, नुसता स्वभाव नाही. सभागृहात दुसऱ्या कारखान्याचे लोक असू शकतात. "याच्या हातचा जॉब गेजला कधी अडला नाही" हे तिथं ऐकलं गेलेलं त्याच्या उपयोगाचं आहे. तो स्वतः कार्यक्रम नको म्हणत असेल तर करू नका. तेच चार ओळींत लिहून हातात द्या (प्रश्न १५).

१३. मला एक आठवतंय, त्यांना वेगळंच आठवतं. कुणाचं खरं धरायचं?

मंचावर त्यांचं. पण ही वेळ आणायचीच कशाला? वर्ष, वार, कोण कोण होतं, यांपैकी ज्याची खात्री नाही ते गाळा, प्रसंग त्यावाचून उभा राहतो. 'सेकंड शिफ्ट होती' पुरतं, '२००७ सालच्या मार्चमध्ये' ची गरज नसते. एखाद्या गोष्टीवर प्रसंग टेकलेला असेल आणि तिचीच शंका असेल, तर तिथं हजर असलेल्या तिसऱ्या माणसाला विचारा. खुद्द त्यांना आधी विचारलं तर ते भाषणाची वाट बघत बसतात आणि बहुतेक वेळा "ते नको सांगूस" म्हणतात.

१४. बोलता बोलता माझा गळा दाटतो. मग पुढचं वाचताच येत नाही.

तो नेमका कुठल्या वाक्याला दाटतो ते घरी दोनदा मोठ्यानं वाचून शोधा. बहुतेकांचा प्रसंगात दाटत नाही, शेवटी थेट त्यांच्याकडं वळून बोलताना दाटतो. ते वाक्य आठ-दहा शब्दांच्या आत आणा आणि त्यात जोडाक्षरं कमी ठेवा. त्याच्या आधी कागदावर मोठा टिंब काढून ठेवा, तिथं थांबून पाणी प्यायचं. तरीही जमलं नाही तर ते वाक्य सोडून नमस्कार करून खाली या. प्रसंग सांगून झालेला असतो.

१५. बोलायचं नाही, कार्डावर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहायचंय.

चाळीस ते साठ शब्द. संदर्भ सांगायची गरज नाही, कारण वाचणारा एकच आहे आणि तो तिथं होता. म्हणून सभागृहात न चालणारी खासगी खूणसुद्धा इथं चालते. ग्रुपवर टाकणार असाल तर मात्र ते भाषणच समजा आणि पहिल्या रांगेचा प्रश्न लावा.

१६. माझाच निरोप आहे. उत्तरादाखल मी काय सांगू?

इथं नियम उलटतो. आतापर्यंत सगळे तुमच्याबद्दल बोलले, आता आठवण दुसऱ्या कुणाची तरी हवी. आणि ती व्यासपीठावरच्या माणसाची नसावी, समोर बसलेल्याची असावी: पहिल्या दिवशी टेबल दाखवणारा, रजेच्या दिवशी तुमचं काम ओढणारा. घरच्यांचे आभार वेगळे, थोडक्यात आणि नावानिशी माना. गाळायचं ते म्हणजे आभारांची संपूर्ण यादी. यादीत कुणी ना कुणी राहतंच, आणि जो राहतो तो तुमच्या निरोपाच्या जेवणालाही थांबत नाही.

१७. माणूस गेलाय आणि शोकसभेत किंवा रक्षाविसर्जनाला दोन शब्द बोलायचेत. हेच सगळं लागू होतं का?

निवड तशीच, माप वेगळं. रक्षाविसर्जनाला लोक उभे असतात, उन्हात किंवा पावसात, आणि घरच्यांना पुढचे विधी उरकायचे असतात. तिथं मिनिटाच्या आत संपवा: एक जागा, एक कृती, एक वाक्य. शोकसभेला तीन मिनिटं मिळतात.

गाळण्याची यादी मात्र वाढते. शेवटचं आजारपण, दवाखान्यातलं बोलणं, "शेवटच्या दिवशी मला फोन आला होता" हे सगळं घरच्यांचं आहे, तुम्ही सांगू नका. धडधाकट असतानाची आठवण घ्या. विनोदी प्रसंग असेल तर आदल्या दिवशी घरातल्या एका कर्त्या माणसाला एका ओळीत सांगून विचारा, "हे बोललो तर चालेल का?" ते क्षणभर जरी अडखळले तरी प्रश्न ४ च्या चिठ्ठीतली दुसरी ओळ घ्या, कारण विचारू नका.